एकच शालू, दोन कॅमेरे: व्हिडिओतले रंग जुळवायचे कसे?

लग्नाचा व्हिडिओ घरी आला की सगळे मिळून बघायला बसतात आणि मंगलाष्टकांपर्यंत येता येता कुणीतरी विचारतंच, "अगं, शालू लाल होता ना? मग इथे राणी रंगाचा का दिसतोय?" पुढच्याच क्षणी कॅमेरा बदलतो आणि तो पुन्हा लाल होतो. नवऱ्या मुलाचा चेहरा एका दृश्यात गव्हाळ, तर दुसऱ्यात पिवळट. शालू तोच, माणसंही तीच, मग असं का होतं? आणि ज्याच्या हातात हे फुटेज एडिटिंगसाठी येतं त्याने ते कसं सावरायचं?

यातली निम्मी अडचण साडीला ब्लाउजपीस घेणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबलाइटखाली कापड साडीशी अगदी जुळलेलं असतं. तरीही सराईत गिऱ्हाईक साडी आणि कापड दोन्ही घेऊन दुकानाच्या दाराशी उन्हात येतं, कारण आत जुळलेले रंग बाहेर आल्यावर फुटू शकतात. रंग कापडात पक्का बसलेला नसतो. कापड, त्यावर पडणारा उजेड आणि बघणारा डोळा या तिघांतून तो तयार होतो. व्हिडिओत बघणारा डोळा म्हणजे कॅमेरा, आणि लग्नात असे दोन-तीन डोळे एकाच वेळी बघत असतात.

या लेखाचा सगळा भर एका फरकावर आहे. दोन दृश्यांचे रंग दोन कारणांनी वेगळे पडतात, एकतर कॅमेरा वेगळा असतो किंवा उजेड वेगळा असतो. कॅमेऱ्याचा फरक पूर्ण पुसायचा असतो. उजेडाचा फरक मात्र प्रसंग बघून, लागेल तेवढाच कमी करायचा असतो. बहुतेक बिघडलेल्या व्हिडिओंत या दोन्ही फरकांना एकच औषध दिलेलं असतं.

नुसत्या डोळ्यांनी बघून का जमत नाही?

आपला डोळा फार लवकर सवय करून घेतो. पिवळट दृश्याकडे दोन मिनिटं बघत राहिलं की ते नॉर्मल वाटू लागतं आणि मग शेजारचं बरोबर दृश्य निळं दिसतं. पिवळ्या बल्बच्या खोलीत पांढरा कागद आपल्याला पांढराच दिसतो, तसाच हा प्रकार. म्हणून रंग जुळवताना डोळ्यांच्या जोडीला मोजपट्टी लागते.

पुढचं सगळं मी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये सांगतो, कारण त्याची फुकट आवृत्तीही या कामाला पुरते. त्यातल्या दोन मोजपट्ट्या ओळखीच्या झाल्या की काम भागतं. पहिली पॅरेड. ती दृश्यातला लाल, हिरवा आणि निळा हिस्सा शेजारीशेजारी तीन आलेखांत दाखवते. तळाला शून्य म्हणजे काळं, माथ्याला १०२३ म्हणजे पूर्ण पांढरं. ज्या वस्तूला स्वतःचा रंग नाही, म्हणजे पांढरी किंवा करडी वस्तू, तिची उंची तिन्ही आलेखांत सारखी असायला हवी. दुसरी व्हेक्टरस्कोप, म्हणजे एक गोल तबकडी. मध्यापासून ठिपके जितके लांब तितका रंग गडद, आणि ते ज्या दिशेला असतील तो त्यांचा रंग. तिच्यावर त्वचेच्या रंगासाठी एक तिरपी रेघ चालू करता येते. माणूस गोरा असो की सावळा, साध्या उजेडात चेहऱ्याचे ठिपके बहुधा त्या रेघेच्या आसपासच पडतात. वर्णातला फरक दिसतो तो मुख्यतः उजळपणात.

आधी दोघांना एका भाषेत आणायचं

उदाहरण घेऊ. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मुख्य कॅमेरा सोनीचा, लॉगमध्ये शूट करणारा. दुसऱ्या बाजूने नात्यातल्या कुणीतरी फोनवर घेतलेलं चित्रण आहे, आणि त्यात आईच्या डोळ्यांतलं पाणी नेमकं टिपलं गेलंय, म्हणून ते टाकून देता येत नाही.

लॉग म्हणजे उजेड साठवायची एक पद्धत. उजेड दरवेळी दुप्पट झाला की आलेखावर तो ठरावीक एक पायरी वर चढतो. या एका पायरीला स्टॉप म्हणतात. त्यामुळे उन्हातलं आकाश आणि मांडवाखालची सावली दोन्ही एकाच चित्रात मावतात, पण कच्चं चित्र फिकट आणि धुतल्यासारखं दिसतं. फोन उलटं करतो. चित्र तिथल्या तिथे गडद, चकचकीत आणि बघायला तयार करून देतो. हे दोन्ही शेजारी ठेवून सॉफ्टवेअरमधली रंगाची चाकं फिरवायला लागणं म्हणजे एक रक्कम रुपयांत आणि दुसरी डॉलरमध्ये लिहून बेरीज करण्यासारखं आहे.

म्हणून प्रत्येक क्लिपवर तीन नोड करायचे. नोड म्हणजे चित्रावर एकामागून एक होणाऱ्या बदलांचा एकेक टप्पा. पहिल्या नोडवर `Color Space Transform` टाकायचा. सोनीसाठी त्यात आत येणारा रंग `S-Gamut3.Cine` आणि गॅमा, म्हणजे उजेड आकड्यांत मांडायची पद्धत, `S-Log3`, अर्थात शूट करताना हेच निवडलेलं असेल तर. साध्या फोन व्हिडिओसाठी `Rec.709` आणि `Gamma 2.4`. बाहेर जाणारी बाजू दोन्हींना एकच, `DaVinci Wide Gamut` आणि `DaVinci Intermediate`. या पहिल्या नोडवर `Tone Mapping` `None` ठेवायचं. दुसरा नोड जुळवणीसाठी रिकामा सोडायचा. तिसऱ्या नोडवर पुन्हा तोच ट्रान्सफॉर्म, या वेळी `DaVinci Wide Gamut`, `DaVinci Intermediate` मधून `Rec.709`, `Gamma 2.4` कडे. हा शेवटचा नोड सगळ्या क्लिपना अगदी सारखा हवा.

इथे एक सापळा आहे. आयफोन १२ पासूनचे आयफोन बऱ्याचदा एचडीआरमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त उजळ भाग साठवणाऱ्या पद्धतीत, शूट करतात, आणि सेटिंगमध्ये ते बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. अशी क्लिप साधी समजून घेतली की एकतर भगभगीत दिसते किंवा मळकट, आणि कितीही चाकं फिरवली तरी जागेवर येत नाही. तिच्यासाठी आत येणारा रंग `Rec.2020` आणि गॅमा `Rec.2100 HLG` द्यायचा. एखाद्या कॅमेऱ्याच्या सगळ्याच क्लिप सारख्याच विचित्र दिसत असतील, तर चूक उजेडाची नसून अशा एखाद्या सेटिंगची आहे असं आधी समजावं.

उजेड आणि पांढरेपणा: आकड्यांसकट

आता दोन्ही क्लिप एका भाषेत आल्या. या भाषेत दोनच आकडे लक्षात ठेवायचे. ग्रे कार्ड, म्हणजे पडणाऱ्या उजेडाचा १८ टक्के भाग परत फेकणारा करडा पुठ्ठा, ३४४ च्या आसपास दिसायला हवा. आणि एक स्टॉप म्हणजे साधारण ७५. मोजताना शेवटचा नोड क्षणभर बंद करायचा, तो निवडून `Ctrl+D` दाबलं की झालं. नाहीतर पॅरेड त्याच्या नंतरचे आकडे दाखवेल.

समजा सोनीच्या क्लिपमध्ये कार्डाचे तिन्ही रंग ३४४ वर बसवून घेतले. ही आपली आधाराची क्लिप. फोनच्या क्लिपमध्ये तेच कार्ड लाल ३३०, हिरवा ३०० आणि निळा २६२ दाखवतंय. हे वाचायचं कसं? हिरवा ४४ ने खाली आहे, म्हणजे क्लिप अर्ध्या स्टॉपहून थोडी जास्त अंडर, म्हणजे अंधारी, आहे. हिरव्याच्या मानाने लाल वर आणि निळा खाली आहे, म्हणजे ती पिवळट-नारिंगीही आहे.

दुसऱ्या नोडवर `Offset` चं चाक घ्यायचं. आधी तिन्ही रंग एकत्र वर न्यायचे, हिरवा ३४४ वर येईपर्यंत. आता लाल ३७४ वर आणि निळा ३०६ वर पोहोचलेला असेल. मग एकट्या लालाला ३० ने खाली आणि एकट्या निळ्याला ३८ ने वर घ्यायचं. `Offset` खालचे आकडे आणि पॅरेडवरचे आकडे एका मापाचे नसतात, तेव्हा हात चाकावर आणि नजर पॅरेडवर ठेवायची.

`Offset` च का? उजेड कमी-जास्त होणं म्हणजे खरं तर गुणाकार असतो. ढग आला, उजेड निम्मा झाला, तर चेहऱ्याचाही निम्मा आणि भिंतीचाही निम्मा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याने धरलेला अंदाज, चुकणं हाही गुणाकारच, फक्त प्रत्येक रंगाचा वेगळा. लॉगच्या भाषेत गुणाकाराची बेरीज होते, आणि `Offset` नेमकी बेरीज-वजाबाकी करतं. त्यामुळे कार्ड जागेवर आलं की सावली आणि उजळ भागही बरोबरच सरकतात. हेच काम फोनच्या मूळ गडद चित्रावर केलं असतं तर कार्ड करडं झालं असतं, पण केसांत निळी झाक राहिली असती. सावल्यांचा रंग वेगळा आणि उजळ भागाचा वेगळा दिसला, की जुळवणी चुकीच्या टप्प्यावर झाली हे ओळखावं.

आता टोकं बघायची. फोनने कॉन्ट्रास्ट आधीच वाढवून ठेवलेला असतो. समजा सोनीत पांढरा अंतरपाट ५१४ वर आणि केसांची सावली १९० वर आहे, तर फोनमध्ये अंतरपाट ५४५ वर आणि केस १६० वर. `Pivot` मध्ये `0.336` भरायचं, म्हणजे ३४४ वरचं कार्ड जागचं हलणार नाही. मग `Contrast` साधारण `0.840` पर्यंत उतरवला की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात. शेवटी व्हेक्टरस्कोपवर शालूचे ठिपके बघायचे. फोनमध्ये ते मध्यापासून जास्त लांब गेलेले असतात, तेवढे `Saturation` कमी करून आत आणायचे. हा क्रम मोडू नये, कारण उजेड बदलला की रंगाची गडदताही बदलते.

कार्ड धरलंच नव्हतं, मग?

लग्नात ते बहुतेक वेळा धरलेलं नसतंच. पण एकाच क्षणी, एकाच जागी दोन्ही कॅमेरे चालू असतील तर खऱ्या करड्या वस्तूची गरज नाही. दोन्हींत दिसणारी कुठलीही एकच वस्तू चालते, कारण आपल्याला फक्त फोनचे आकडे सोनीच्या आकड्यांवर आणायचेत. भटजींचं उपरणं, मांडवाचा सिमेंटचा खांब, मुंडावळ्यांतले मोती, काहीही.

वस्तू निवडताना दोन गोष्टी जपायच्या. स्टीलचं ताम्हण किंवा समई घेऊ नये. चकचकीत वस्तू समोरचे रंग परत फेकते, आणि दोन कॅमेरे दोन कोनांतून बघत असल्याने प्रत्येकाला तिच्यात वेगळंच काही दिसतं. दुसरं, नीळ दिलेल्या कापडाला शुद्ध पांढरं समजू नये. त्यात खरोखर निळी झाक असते. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला ते चालेल, पण आधाराच्या क्लिपचा व्हाइट बॅलन्स त्यावर बसवला तर सगळे चेहरे पिवळे पडतील. तिथे चेहरा आणि त्वचेची रेघ जास्त भरवशाची.

करडं जुळलं, तरी शालू का जुळत नाही?

इथे पुन्हा मॅचिंग सेंटरच्या दाराशी यावं लागतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे बारीक काचेसारखे फिल्टर असतात, आणि प्रत्येक कंपनीचा लाल दुसरीच्या लालाहून थोडा वेगळा असतो. करड्या वस्तूवर हा फरक लपतो. राणी, जांभळा, गडद लाल, मोरपंखी अशा भडक रंगांवर तो उघडा पडतो. स्वस्त एलईडी दिवे असतील तर जास्तच, कारण त्यांच्या उजेडात काही रंगछटा जवळजवळ नसतातच. ज्या छटा उजेडात आल्याच नाहीत त्या कॅमेरा टिपणार कुठून?

म्हणून अशा रंगाला वेगळं धरावं लागतं. दुसऱ्या नोडच्या पुढे आणखी एक नोड घालून `Hue Vs Hue` कर्व्ह उघडायचा आणि शालूवर क्लिक करायचं. तेवढ्याच रंगाचा तुकडा कर्व्हवर निवडला जातो. तो अगदी थोडा सरकवून व्हेक्टरस्कोपवर सोनीच्या दिशेला आणायचा. लाल सरकवताना नजर ओठांवर आणि कपाळावरच्या कुंकवावर ठेवायची, कारण तेही याच रंगाच्या शेजारी राहतात. ओठ जांभळे दिसू लागले की निवड जास्त रुंद झालेली आहे.

सकाळची हळद आणि दुपारचा मुहूर्त सारखा दिसायला हवा का?

नाही. सकाळी आठला अंगणात कोवळं, तिरकं, सोनेरी ऊन असतं आणि सावल्यांत आभाळाची निळाई उतरलेली असते. साडेबाराला ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. ही दोन्ही दृश्यं एका मापाची केली तर सकाळ हरवते. प्रसंग वेगळे असतील तर प्रत्येकाला आपला आधार द्यावा आणि दोन्हींत त्याच माणसाचा चेहरा ओळखीचा राहील एवढंच बघावं.

हळदीत तर त्वचेची रेघ फसवते. चेहऱ्यावर हळद लावलेली असल्याने ठिपके त्या रेघेपासून पिवळ्याकडे सरकलेले असणारच, आणि ते तिथेच असायला हवेत. ओढून रेघेवर आणलं तर हळद मातकट होते आणि मागच्या भिंती निळसर पडतात. अशा वेळी हळद न लागलेल्या मावशीच्या हातावर मोजावं.

गाठ पडते ती एकच प्रसंग लांबतो तेव्हा. हळद आठला सुरू झाली, साडेदहाला संपली आणि एडिटिंगमध्ये मागचे-पुढचे शॉट मिसळले, तर प्रेक्षकाच्या लेखी तो एकच क्षण असतो. तिथे जुळवायलाच हवं. मधल्या वेळेची, साधारण सव्वानऊची क्लिप आधाराला घ्यावी, म्हणजे दोन्ही टोकांना थोडं थोडंच ओढावं लागतं. त्या क्लिपच्या मोठ्या चित्रावर उजवं क्लिक करून `Grab Still` घ्यायचं आणि प्रत्येक शॉट पडदा सरकवून त्याच्याशीच ताडायचा. प्रत्येक शॉट आधीच्या शॉटशी जुळवत गेलं की कानगोष्टींसारखं होतं. दरवेळी फरक एवढासाच पडतो, पण दहाव्या शॉटला चेहरा हिरवा झालेला असतो.

मांडवाचं रंगीत कापड ही वेगळी अडचण. लाल-पिवळ्या छतातून गाळून येणारा उजेड चेहऱ्यावर रंग टाकतो. पूर्ण चित्र सुधारायला गेलं की मांडवाबाहेरचं अंगण निळं होतं. तिथे चेहऱ्यांभोवती मऊ कडेची `Window` काढून, ती चेहऱ्याबरोबर हलेल अशी ट्रॅक करून, निम्म्यापर्यंतच सुधारावं. मांडवात बसलेल्या माणसावर मांडवाची थोडी झाक शोभते.

एका बटणात होत नाही का?

रिझॉल्व्हमध्ये `Shot Match to this Clip` आहे, आणि दोन्ही शॉटची चौकट सारखी असेल तर ते बरी सुरुवात करून देतं. पण ते चित्रातला एकूण उजेड आणि रंग जुळवू बघतं. एका शॉटमध्ये शालूच शालू आणि दुसऱ्यात सगळा मांडव असेल, तर ते शालूचा लाल म्हणजे चूक समजून चेहरे हिरवट करून ठेवतं. तयार लटचंही तसंच. लट म्हणजे हा रंग आला की तो कर, असा ठरलेला तक्ता. क्लिप अंडर आहे की ओव्हर हे त्याला कळत नाही. उजेड जुळवल्याशिवाय लट टाकला की दोन क्लिपमधला फरक उलट वाढतो.

फोनमध्ये आणखी एक खोड असते. कॅमेरा फिरला की व्हाइट बॅलन्स आणि उजेड चालू शॉटमध्येच आपोआप बदलतात. एकाच क्लिपची सुरुवात जुळते आणि शेवट सुटतो. बदल होतो ती जागा शोधून, क्लिप तिथे कापून, दोन तुकडे वेगवेगळे जुळवणं बहुतेक वेळा सगळ्यात सोपं पडतं.

काय परत येत नाही?

जळलेला भाग. पॅरेडवर माथ्याशी सपाट रेघ दिसते तिथे कॅमेऱ्याने काहीच नोंदवलेलं नसतं. उजेड कमी करून बघा: तपशील असेल तर तो उघडतो, नसेल तर तो भाग पांढऱ्याचा फक्त करडा होतो. फोनमध्ये लाल शालूवर हे फार घडतं. एकूण चित्र ठीक दिसतं, पण लालाचा आलेख एकटाच माथ्याला चिकटलेला असतो आणि निऱ्या दिसेनाशा होतात. त्या शॉटला सोनीशी तंतोतंत जुळवायचा हट्ट सोडून तो छोटा ठेवावा आणि चेहऱ्याच्या जवळ कापावा.

दुसरी मर्यादा साठवणीची. साधा फोन व्हिडिओ ८ बिटचा असतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १० बिटमध्ये त्या १०२४ असतात. फोनची क्लिप एका स्टॉपहून जास्त वर ओढली की मांडवाच्या साध्या पडद्यावर किंवा आभाळात पट्टे उमटू लागतात आणि सावलीत रंगीत दाणे दिसतात. तेव्हा फोनला आणखी ओढण्यापेक्षा सोनीची क्लिप थोडी खाली आणून मधे भेट घडवावी.

सगळं झालं की कलर पेजवर `Lightbox` उघडा. सगळ्या क्लिप छोट्या चौकटींत एकदम दिसतात आणि जी बाहेर पडतेय ती लगेच नजरेत भरते. मोठ्या पडद्यावर एकेक शॉट बघताना जी झाक तासभर लक्षात आली नसेल, ती इथे कळते. मग दहा मिनिटं उठून खिडकीबाहेर बघून या आणि पहिल्या शॉटपासून पुन्हा एकदा चालवा.